होलसेलरकडून उधारीचे दिवस वाढवून घ्यायचेत? इतवारीच्या गादीवरून सांगतो

किराणा दुकान टाकून वर्ष-दीड वर्ष झालं की बऱ्याच जणांची गाडी एकाच जागी अडकते. दुकान चालून राहिलं, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, पण बुधवारी मालाची गाडी दारात येते तेव्हा मागच्या बिलाचे पैसे गल्ल्यात पूर्ण जमलेले नसतात. मग दुकानदार नागपूरच्या इतवारी बाजारात येतो, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतो आणि जाता जाता म्हणतो, "शेटजी, जरा दिवस वाढवून द्या ना." शेटजी "पाहू" म्हणतात आणि दुसऱ्या पार्टीशी बोलायला लागतात. झालं.

मी इतवारीत किराण्याच्या एका होलसेल गादीवर हिशेब लिहितो, त्यामुळे हे सगळं मला गल्ल्याच्या आतल्या बाजूनं दिसतं. कोणाला दिवस मिळतात, कोणाला नाही मिळत आणि काऊन नाही मिळत, ते सांगतो. नवीन दुकानदारांसाठी लिहितोय, जुन्या लोकांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी घरीच ठरवा, दिवस कोणत्या मालावर पाहिजेत

सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. लोक येऊन सरसकट मागतात, दहाचे तीस दिवस करा म्हणून. पण तुमच्या बिलात दोन तऱ्हेचा माल असतो. तेल आणि साखर हा पळता माल, बुधवारी आला की पुढच्या बुधवारपर्यंत डबे रिकामे होतात, म्हणजे त्याचे पैसे आठवड्यात तुमच्या गल्ल्यात परत आलेले असतात. मसाले, चहापत्ती, डाळी, पोहे, साबण, अगरबत्ती हा माल तीन-चार आठवडे फळीवर बसतो. अडचण या बसत्या मालाची आहे, तेलाची नाही.

आता शेटजींच्या बाजूनं पाहा. तेल-साखरेत होलसेलरला फार बारीक सुटतं, रेट रोज हलतो, आणि वरच्या मिलवाल्याला किंवा स्टॉकिस्टला पैसे लगेच द्यावे लागतात. तेलावर तीस दिवस मागितले की समोरच्याच्या डोक्यात पहिला विचार येतो की याचं तेल तर विकलं गेलं, मग पैसे गेले कुठं? आणि हा प्रश्न बरोबरच आहे. मसाल्यात, साबणात मार्जिन जरा बरी असते, तिथं दिवस द्यायला शेटजींचा हात सैल असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की मागणी तोडून करा. बसत्या मालावर दिवस वाढवून मागा आणि पळत्या मालावर उलट दिवस कमी करून द्या. पूर्ण लेखात घ्यायची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं ती नीट मांडण्यासाठी.

खात्याचा उतारा काढा आणि स्वतःच स्वतःला तपासा

शेटजींकडे जायच्या आठवडाभर आधी मुनीमजींना फोन करून सहा महिन्यांचा खात्याचा उतारा मागवा. आजकाल सगळीकडे टॅली आहे, पाच मिनिटात व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. ती तुमच्या वहीशी जुळवा. फरक निघाला, एखादं पेमेंट जमा नाही दिसलं, माल वापसीची नोंद राहून गेली, तर ते आधी मुनीमजींशी बसून मिटवा, कारण दिवस मागायला गेल्यावर हिशेबाचा वाद निघाला तर तो दिवस गेला समजा.

मग एका कागदावर चार रकाने पाडा: बिलाची तारीख, रक्कम, पैसे दिल्याची तारीख, किती दिवस लागले. बस एवढंच. खाली सरासरी काढा, पण ती साधी सरासरी नका काढू. समजा चाळीस हजाराचं बिल तुम्ही ८ दिवसात दिलं आणि दहा हजाराचं २३ दिवसात. साधी सरासरी साडेपंधरा दिवस येते आणि तुम्ही उगाच ढिले दिसता. रकमेला दिवसांनी गुणा, बेरीज करा आणि एकूण रकमेनं भागा, तर ती ११ दिवस येते. खरं चित्र हेच, कारण मोठी रक्कम तुम्ही लवकर दिली होती.

अन् हो, सरासरीपेक्षा शेटजी काय पाहतात सांगू का, सगळ्यात उशिराचं बिल. सहा महिन्यात किती लाखाचा माल उचलला यानं ते फार हरखून जात नाहीत, कारण जास्त माल उचलणाराच जास्त बुडवतो हे इतवारीत प्रत्येक गादीनं कधी ना कधी पाहिलेलं आहे. सगळ्यात वाईट वेळी हा माणूस किती दिवस लांबला आणि तेव्हा फोन उचलत होता का, यावर ते निर्णय घेतात. म्हणून तुमच्या कागदावर उशिराची बिलं स्वतःच गोल करा आणि बाजूला कारण लिहा. लपवून फायदा नाही, आमच्याकडे ती लाल अक्षरात दिसतातच.

एक अडचण कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्यांची. रोख दिले, पावती नाही घेतली, सेल्समनच्या हातात पैसे टेकवले, तर इतिहास तयारच होत नाही. त्याच गादीवर तोंडओळखीनं निभावून जाईल, पण मस्कासाथला दुसऱ्या होलसेलरकडे खातं उघडायला गेलात तर दाखवणार काय? पक्कं बिल आणि बँकेतून किंवा यूपीआयनं पेमेंट, हे दोन्ही असलं की तुमचं बँक स्टेटमेंटच तुमची ओळख बनते. आता रोखीत देत असाल तर आधी चार-सहा महिने बँकेतून द्यायला लागा, मग दिवस मागायला या.

गणित एकदा पूर्ण करून पाहू

समजा मानेवाड्याकडं एक दुकान आहे. दर बुधवारी ३०,००० चा माल येतो, मुदत १० दिवसांची. एप्रिल ते सप्टेंबर २६ बिलं झाली, म्हणजे ७,८०,००० ची खरेदी. त्यातली १९ बिलं दहा दिवसाच्या आत चुकती, ५ बिलं अकरा ते चौदा दिवसात, आणि दोन जास्त लांबली, एक १९ दिवस आणि एक २३ दिवस. एकोणीसवालं जूनच्या शेवटचं, शाळा उघडल्या, मोहल्ल्यातल्या घरांचे पैसे वह्या-पुस्तकात आणि फीमध्ये गेले, दुकानाची महिन्याची उधारी थांबली. तेवीसवालं पोळा ते महालक्ष्मीच्या दिवसातलं, सणाचा माल अंदाजापेक्षा जास्त भरला गेला.

तीस हजारात १८,००० तेल-साखरेचे आणि १२,००० बाकी बसत्या मालाचे धरू.

आता या दुकानदारानं सगळ्यावर ३० दिवस मागितले तर शेटजींचे जास्तीचे किती पैसे अडकतात? आठवड्याला ३०,००० म्हणजे रोजचे साधारण ४,२८६, आणि वीस दिवस जास्त, म्हणजे ८५,७०० च्या आसपास. एका छोट्या दुकानात एवढे जास्तीचे टाकायला कोणीही दहा वेळा विचार करेल.

तोडून मागितलं तर? बसत्या मालाचे आठवड्याला १२,०००, त्यावर वीस दिवस जास्त, म्हणजे साधारण ३४,३०० वाढले. तेल-साखरेवर दहाचे सात दिवस करून दिले, म्हणजे १८,००० वर तीन दिवस कमी, साधारण ७,७०० घटले. निव्वळ वाढ २६,६०० च्या जवळ. दुकानदाराला फळीवरच्या मालापुरता श्वास मिळाला आणि शेटजींचे अडकलेले पैसे पंच्याऐंशी हजाराऐवजी सव्वीस हजारानं वाढले.

याचा खर्चही काढून ठेवा, कारण शेटजी मनातल्या मनात तो काढतातच. त्यांच्या बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जावर, समजा १२ टक्के व्याज लागते, तर २६,६०० वर वर्षाचे ३,२०० च्या आत, महिन्याला २६५ रुपये. महिन्याला सव्वा लाखाच्या वर माल उचलणाऱ्या पार्टीसाठी हा खर्च जड नाही. पण हे व्याजाचं गणित तुम्ही तोंडानं सांगू नका बरं का. "तुमचं काय जाते शेटजी, अडीचशे रुपये" असं कोणी म्हटलं तर मीसुद्धा खातं बंद करा म्हणेन.

लिमिटही सांगा, दिवसांसोबत लिमिट ठरलीच पाहिजे. आज दहा दिवसांच्या मुदतीत एका वेळी जास्तीत जास्त दोन बिलं उभी राहतात, ६०,०००. नव्या पद्धतीत तेल-साखरेचं एकच बिल उभं राहील, १८,०००, कारण नवा माल उतरायच्या आधी जुन्याचे पैसे जातील. बसत्या मालाची तीस दिवसात पाच बिलं उभी राहतात, ६०,०००. एकूण ७८,०००, म्हणजे ८०,००० ची लिमिट मागायची. "लिमिटच्या वर गेलो तर गाडी रोखा" हे तुम्हीच म्हणा. समोरच्याला तळ दिसला की तो लवकर हो म्हणतो.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा: रोजची खरेदी गुणिले वाढीव दिवस. दहावीच्या पोराकडूनही तपासून घेता येते.

कधी जायचं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नाही, मार्च एंडिंगला नाही, तेलाचा भाव चढून राहिला असेल त्या आठवड्यात नाही. सकाळी गाड्या भरायच्या वेळी तर मुळीच नाही. दुपारी दोन ते चार गादी जरा मोकळी असते. आधी फोन करून वेळ घ्या आणि त्या दिवशीचं ड्यू बिल सकाळीच ट्रान्सफर करून या, बाकी ठेवून दिवस मागायला येऊ नका.

सेल्समनच्या हाती निरोप पाठवू नका. त्याच्या हातात काही नसते, आणि तो शेटजींना "त्या पार्टीला पैशाची अडचण आहे वाटते" असं सांगून मोकळा होतो. मुनीमजींना मात्र आधी विश्वासात घ्या. शेटजी तुमच्या समोर "मुनीमजी, यांचं कसं आहे?" असं विचारणारच, आणि तेव्हा जे उत्तर येते त्यावर अर्धं काम होते.

बोलायचं काय

आधी आपली पत, मग मागणी, मग आपण काय देतो, शेवटी चुकलो तर काय. साधारण असं:

"शेटजी, सहा महिन्याचा उतारा काढून आणला. सात लाख ऐंशी हजाराचा माल घेतला तुमच्याकडून, सव्वीस बिलं, सगळी चुकती. चोवीस बिलं चौदा दिवसाच्या आत आहेत. दोन लांबली, हे पाहा, जून आणि पोळ्याच्या वेळची, तेव्हा मी फोन करून सांगितलं होतं. आता मला तेल-साखरेवर दिवस नको, ते मी सात दिवसातच देतो. बाकीच्या मालावर तीस दिवस पाहिजे. लिमिट ऐंशी हजार ठेवा. तीन महिने करून पाहा, नाही जमलं तर जुन्या पद्धतीवर परत."

यात रडगाणं नाही हे लक्षात घ्या. पोराची फी, घराचा हप्ता, समोर नवीन मार्ट उघडलं, हे सगळं खरं असेल तरी गादीवर त्याचा अर्थ एकच निघतो की धंदा खाली चालला. आणि "तो दुसरा होलसेलर पंचेचाळीस दिवस देतो" अशी धमकी देऊन पाहू नका, कारण इतवारीत दुकानं लागून आहेत, शेटजी त्यालाच फोन लावून विचारतात.

शेटजींचे उलटे प्रश्न ठरलेले असतात. "तुझी गिऱ्हाईकांकडं उधारी किती आहे?" हा हमखास येतो. याचं उत्तर आकड्यात तयार ठेवा, मोहल्ल्यात बाहेर किती आहेत आणि दर महिन्याला दहा तारखेपर्यंत त्यातले किती परत येतात. "अजून कोणाकोणाकडून माल घेतो?" हाही येतो. खरं सांगा. दलाल आणि सेल्समन रोज दहा गाद्या फिरतात, कोणाचं किती उभं आहे ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असते.

कागदावर उतरवा, आणि बिलं वेगळी करून घ्या

तोंडी हो मिळालं की त्याच दिवशी एक साधा मेसेज टाका. स्टॅम्प पेपर वगैरे काही नको, पण लिहिलेलं पाहिजे, नाहीतर तीन महिन्यांनी शेटजींचे भाऊ गादीवर बसलेले असतात आणि त्यांना काही माहीत नसते. मजकूर असा चालेल:

"शेटजी नमस्कार. आज ठरल्याप्रमाणे: १) तेल व साखरेचं बिल ७ दिवस. २) बाकी मालाचं बिल वेगळं, ३० दिवस. ३) एकूण लिमिट ८०,०००. ४) पेमेंट दर मंगळवारी बँकेतून, सोबत बिल नंबर. ५) कोणतंही बिल मुदतीच्या ५ दिवस वर गेल्यास पुढचा माल रोख. ही पद्धत ३ महिने, नंतर बसून पाहू. बरोबर असल्यास कळवावे."

त्यावर त्यांचा "ओके" आला की तो स्क्रीनशॉट जपून ठेवा.

दुसऱ्या मुद्द्यातला "वेगळं" शब्द फार कामाचा आहे. तेल-साखर आणि बाकी माल एकाच बिलात आला तर संगणक त्याला एकच मुदत लावतो, मग सातव्या दिवशी पूर्ण बिलाचा तगादा सुरू होतो आणि तुम्ही भांडत बसता. मुनीमजींना सांगून पहिल्या गाडीपासूनच दोन बिलं करून घ्या.

आणि पैसे पाठवताना कोणत्या बिलाचे ते लिहा. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. १८७२ च्या करार कायद्यात असं आहे की पैसे देणाऱ्यानं कोणत्या देण्याचे ते सांगितलं तर घेणाऱ्यानं ते त्यातच जमा करायचे, आणि देणारा काही बोलला नाही तर कशात जमा करायचे ते घेणारा ठरवू शकतो. तुम्ही तेलाचे १८,००० नुसते खात्यात टाकले आणि मुनीमजींनी सवयीनं ते जुन्या मसाल्याच्या बिलात जमा केले, तर कागदावर तुमचं तेलाचं बिल थकलेलं दिसते आणि जे तीस दिवस मिळाले होते ते आपोआप खाल्ले जातात. यूपीआयच्या नोटमध्ये बिल नंबर टाकायला पाच सेकंद लागतात.

चेक मागितला तर

दिवस वाढवताना बऱ्याच गाद्या चेक मागतात. द्या, पण कोरा सही केलेला चेक देऊ नका. रक्कम दुसऱ्यानं भरली म्हणून तुमची सुटका होत नाही, सही तुमची असली की जबाबदारी तुमची, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलेलं आहे. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागते. बँकेचा निरोप आल्यापासून ३० दिवसात समोरचा नोटीस देऊ शकतो, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला तुम्हाला १५ दिवस असतात, आणि तेवढ्यात नाही दिले तर केस होऊ शकते, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही.

चांगला मार्ग म्हणजे बिलाबिलाचा पुढच्या तारखेचा चेक. रक्कम, तारीख, गादीचं नाव भरून, क्रॉस करून द्यायचा, आणि चेक नंबर वहीत लिहायचा. ते बिल यूपीआयनं चुकतं केलं तर चेक त्याच दिवशी परत मागायचा. हे राहून जाते, आणि मग ड्रॉवरमधला जुना चेक कोणीतरी चुकून बँकेत टाकते. बसत्या मालाच्या १२,००० च्या बिलावर चेक देणं ठीक आहे, आठवड्याच्या तेलाच्या बिलावर मागितला तर नम्रपणे म्हणा की ते तर मी सात दिवसात बँकेतून देऊनच राहिलो.

हो म्हटलं, पण रेट वाढवला

हे फार होते आणि नवीन माणसाला दिसतच नाही. शेटजी हसत "घे तीस दिवस" म्हणतात आणि पुढच्या बिलात डाळ ११० ची ११२ लागते. दोन रुपये दिसायला काहीच नाही. पण ११० वर दोन रुपये म्हणजे १.८ टक्के, आणि तेही फक्त वीस वाढीव दिवसांसाठी, म्हणजे वर्षाच्या हिशेबानं ३३ टक्के पडलं. एवढ्या महाग पैशात मसाला विकून काय उरणार?

म्हणून पहिली दोन-तीन बिलं जुन्या रेटशी आणि त्या दिवशीच्या बाजारभावाशी जुळवून पाहा. डाळीचा भाव खरंच चढलेला असू शकतो, तेव्हा लगेच आरोप नका करू, कळमन्यात किंवा शेजारच्या गादीवर रोखीचा भाव विचारा. फरक फक्त तुमच्याच बिलात असेल तर सरळ बोला: "शेटजी, रेट रोखीचाच ठेवा, दिवसाचं व्याज वेगळं सांगा, मी विचार करतो." वेगळं सांगितलं की तुलना करता येते. महिन्याला दीड टक्का म्हणाले तर ते वर्षाला अठरा टक्के, आणि तेवढ्यात बँकेचं काम होऊ शकते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळते, आपल्या उदाहरणातली गरज २६,६०० ची आहे. बँकेत चकरा जास्त, हे मान्य, पण व्याज समोर लिहिलेलं असते.

पहिले तीन महिने

इथं गादीची नजर तुमच्यावर असते. पहिल्या महिन्यात एक विचित्र गोष्ट होते, अचानक गल्ल्यात पैसे साचलेले दिसतात, कारण बसत्या मालाचं बिल तीन आठवडे पुढं गेलेलं असते. हे पैसे तुमचे नाहीत, चौथ्या आठवड्यापासून दर मंगळवारी १२,००० परत सुरू होणार आहेत. याच पैशातून फ्रीज घेणारे, नाहीतर मोहल्ल्यात आणखी उधारी वाटणारे दुसऱ्याच महिन्यात अडकतात. शक्य असेल तर तेवढे वेगळ्या खात्यात टाका.

घसरण सुरू झाली की नाही ते ओळखायचं एक लक्षण आहे. इथलं बाकी आहे म्हणून या आठवड्यात तिथून माल आणतो, असं तुम्ही भाव पाहून नाही तर बाकी पाहून ठरवायला लागलात की समजा टोपी फिरून राहिली, म्हणजे एकाचं देणं दुसऱ्याच्या मालावर ढकलणं सुरू झालं. तेव्हा माल कमी उचला, नवीन गादी शोधू नका.

उशीर होणारच असेल तर मुदतीच्या दोन दिवस आधी फोन करा आणि सोबत काहीतरी रक्कम टाका. "१२,००० चं बिल आहे, ५,००० आज टाकले, उरलेले ७,००० शनिवारी" असा मेसेज आला की आम्ही शेटजींना सांगतो की पार्टी बोलून राहिली, आणि गाडी थांबत नाही. मुदत उलटून चार दिवस झाल्यावर आमचा फोन गेला आणि तुम्ही "आजच टाकणार होतो" म्हणालात, तर ते बिल खात्यात कायमचं लाल होते, रक्कम कितीही छोटी असो.

नाही म्हटलं तर

तर मागणी छोटी करा, गादी बदलू नका. तीस नाही तर एकवीस दिवस विचारा. तेही नाही तर फक्त मसाले आणि साबण, डाळी सोडून. आठवड्याचा असा माल ५,००० चा असेल तर एकवीस दिवसात उभी बाकी १५,००० च्या वर जात नाही, एवढ्याला नाही म्हणणं शेटजींनाही जड जाते. तीन महिने बिनचूक चालवा आणि नवा उतारा घेऊन परत बसा.

सणाची लिमिट मात्र या सगळ्यात मिसळू नका, ती वेगळी मागा. दिवाळीचा रवा, मैदा, बेसन, डालडा हा एकदाच जास्त उचलायचा माल असतो, तो नेहमीच्या ८०,००० मध्ये बसत नाही. नवरात्राच्या आधी जाऊन किती जास्त पाहिजे आणि कोणत्या तारखेला परत देणार ते सांगा, तारीख भाऊबीजेच्या पुढच्या आठवड्यातली ठेवा. सोबत न फोडलेली पोती परत घेणार का तेही तेव्हाच विचारून घ्या, दिवाळीनंतर विचारलं तर कोणी घेत नाही.